वसतिगृहातल्या लेकीस : टाका सैल, गाठ पक्की

चि. शाल्मली,

बटण तुटलं की बहुतेक जण दोरा चौपदरी घेतात आणि बटण कापडाला चिकटेपर्यंत आवळतात. काम मजबूत झाल्यासारखं वाटतं, पण झालेलं असतं उलटंच. बटण लावलं की त्याच्या आणि कापडाच्या मध्ये काजाची पट्टी बसायची असते. तिला जागाच ठेवली नाही, तर काजाभोवती चुण्या पडतात आणि बटण घालता-काढताना दर वेळी दोरा खालच्या कापडाला ओढतो. त्यात दोरा जाड आणि कापड पातळ असलं, तर दोरा टिकतो आणि कापड फाटतं. म्हणून बटण निघालं की आधी त्याची जागा बघ. नुसती सुईची छिद्रं दिसत असतील तर फक्त दोरा गेला आहे, काम सोपं आहे. कापडालाच भोक पडलं असेल, तर ते बहुधा जास्तीच्या आवळण्याने पडलेलं असतं. तिथे आतून त्याच रंगाच्या कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवून त्याच्यासकट शिवावं लागतं.

काजाच्या पट्टीसाठीची जागा डोळ्यांच्या अंदाजाने ठेवायची नाही. त्यासाठी काडेपेटीतली एक काडी पुरते. हातभर दोरा ओवून दुहेरी कर. त्याहून लांब घेतलास तर गुंता होतो. जुन्या छिद्रांजवळ कापडातच दोन बारीक टाके एकावर एक घाल, मग बटण ठेव. बटणावर, दोन छिद्रांच्या मधोमध, काडी आडवी धर आणि टाके तिच्यावरून घे. छिद्रांच्या प्रत्येक जोडीतून तीन वेळा सुई गेली की बास. काडी काढून बटण वर उचललंस की खाली दोऱ्याची छोटी मान तयार झालेली दिसेल. सुई बटण आणि कापड यांच्या मधे आण, दोरा मानेभोवती पाच-सहा वेळा घट्ट गुंडाळ, सुई कापडाच्या मागे ने आणि तिथे दोन गाठी मार. शर्टाच्या कापडाला एवढी मान पुरते. कोटाला उंच हवी, कारण काजाची पट्टी जाड असते. जे बटण नुसतं शोभेचं आहे, कशात अडकवायचं नाही, त्याला मान लागत नाही.

तू म्हणशील, दुकानातल्या नव्या शर्टाची बटणं चपटीच बसवलेली असतात, ती कुठे पडतात? पडतात. ती यंत्राने लावलेली असतात आणि पुष्कळदा एकाच दोऱ्याच्या साखळीटाक्याने. त्याचं टोक मागून सुटलं आणि ओढलं गेलं की अख्खा टाका सरसर उसवतो. दुसरा आक्षेप असा की सैल टाका लवकर निघेल. टाका निघतो तो टोक न अडकवल्यामुळे. सुरुवातीचे दोन टाके आणि शेवटच्या गाठी पक्क्या असल्या, तर मधली मोकळीक ताण सोसण्याच्याच कामाची असते.

कुर्त्याची किंवा सलवारीची दुमड सुटली तरी नियम हाच. साडीला फॉल लावणाऱ्या बायका बाहेरच्या कापडाचे एक-दोनच धागे सुईवर घेतात. तू तेवढंच कर. दुमड जुन्या घडीवर इस्त्रीने बसव, टाचण्या लाव, दोरा एकेरी घे. बाहेरच्या कापडाचा एक धागा उचल, मग सुई दुमडीच्या घडीतून अर्धा सेंटिमीटर आतल्या आत सरकवून बाहेर काढ, पुन्हा एक धागा उचल. दोरा ओढून ताणू नकोस. वीतभर झालं की दुमडीतच एक टाका दोनदा घाल, म्हणजे पुढेमागे दोरा तुटला तरी तेवढीच वीत उसवेल. काम झाल्यावर कापड उजेडात धरून सुलट बाजू बघ. बारीक खळगे दिसले तर दोरा ताणलेला आहे, तेवढा भाग उसवून पुन्हा कर. सैल टाक्यात पाय घालताना बोट अडकेल, ही शंका रास्त आहे. पण दोऱ्याचा बहुतेक भाग घडीच्या आत लपलेला असल्यामुळे अडकायला फार काही उरत नाही.

जीन्सच्या पायावर मात्र ही मेहनत घेऊ नकोस. ते कापड जाड असतं, शिवाय जमिनीला घासतं, तिथे मशीनची टीपच टिकते. ते काम शिंप्याकडे दे. बाकी बटण आणि दुमड तुझ्याच हातची. सुई, काळं आणि पांढरं रीळ, चार टाचण्या आणि काडेपेटी आजच एका डबीत भरून ठेव. पुढच्या पत्रात चेनबद्दल लिहीन.

तुझी,
आई