भिंतीतल्या नळाची खोली

भिंतीतून निघणाऱ्या बेसिन मिक्सरचे दोन भाग असतात. पितळी बॉडी भिंतीत कायमची गाडली जाते. तोटी, हँडल आणि झाकणपट्टी टाइल लागल्यावर बाहेरून बसते. एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची तोटी सहसा बसत नाही, त्यामुळे बॉडी निवडली की तोटीही ठरते.

बॉडी किती आत बसवायची, हे कंपनीच्या आराखड्यात किमान आणि कमाल मापाने दिलेले असते. हे माप गिलाव्यापासून नव्हे, तर तयार टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायचे असते. नेमकी इथेच गफलत होते.

समजा, बॉडीची पाठ टाइलच्या पृष्ठभागापासून ५५ ते ७५ मिलिमीटर आत हवी आहे. टाइल १० आणि चिकटवणीचा थर ५, म्हणजे गिलाव्यावर १५ मिलिमीटर चढणार. तेव्हा पाठ गिलाव्यापासून ५० मिलिमीटर आत ठेवली, की एकूण ६५ होतात. पण गवंड्याने चिकटवणीऐवजी २० मिलिमीटर सिमेंटच्या मालावर टाइल लावली, तर तीच खोली ८० होते. मग तोटीचे आटे पकडत नाहीत, हँडल दांड्यापर्यंत पोहोचत नाही. जोडतुकडा मिळाला तर ठीक, नाहीतर टाइल फोडावी लागते. उलट बॉडी उथळ राहिली, तर झाकणपट्टी भिंतीला टेकतच नाही, आणि त्यावर जोडतुकड्याचाही उपाय नसतो.

म्हणून खाच पाडण्याआधीच नळ, टाइलची जाडी आणि ती लावण्याची पद्धत ठरलेली हवी. बेसिनही ठरलेले हवे, कारण तोटीची उंची आणि लांबी त्यावर अवलंबून असते. गळतीची दाबचाचणी मात्र टाइल लागण्यापूर्वीच उरकावी.