चांदोबा नक्की कुणाच्या बसबरोबर?

पुण्याहून साताऱ्याला निघालेली एसटी शहराबाहेर पडली, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र नुकताच वर आला होता. डाव्या खिडकीशी बसलेला नातू म्हणाला, "आजी, चांदोबा आपल्याबरोबर साताऱ्याला येतोय!"

"हो का? मग समोरून ती बस पुण्याला चाललीय, त्यातल्या पोरांबरोबर कोण जातंय?"

नातू गोंधळला. एकच चांदोबा दोन्हीकडे कसा जाईल?

"आता रस्त्याकडेचं झाड बघ," आजी म्हणाली. झाड आलं आणि क्षणात मागे गेलं. "आता तो लांबचा डोंगर बघ." डोंगर मात्र बराच वेळ खिडकीत रेंगाळला.

"जेवढं लांब, तेवढं मागे पडायला उशीर. चांदोबा तर त्या डोंगराच्याही कितीतरी पलीकडे. बस कितीही पळाली तरी तो मागे पडत नाही. बाकी सगळं मागे जातं आणि तो तिथंच दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं, आलाच बरोबर."

खंबाटकी घाटात नातू ओरडला, "आजी, तो उजवीकडे पळाला!"

"तो नाही रे, बस वळली."

आजीचं म्हणणं आकड्यांतही तपासता येतं. ताशी 60 किलोमीटर वेगाची बस पाच मिनिटांत पाच किलोमीटर जाते. पाच किलोमीटरवरचा डोंगर आधी अगदी बाजूला असेल, तर तेवढ्यात तो तिरका मागे, 45 अंशांवर जातो. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर आहे. त्या अंतरापुढे पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही. चंद्राचा व्यास सुमारे 3,474 किलोमीटर. म्हणजे केवळ आपल्या प्रवासामुळे तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला दिसायला साधारण तेवढंच अंतर आडवं कापावं लागेल. पुणे ते सातारा जेमतेम 110 किलोमीटर. त्यात तो आपल्या रुंदीच्या तिसाव्या भागाएवढाच सरकतो आणि डोळ्यांना ते कळत नाही.

चंद्र सोबत येतो, असं बहुतेक लहान मुलांना वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी 1920च्या दशकात मुलांशी बोलून या समजुतीचा अभ्यास केला होता. लहान मुलं ती खरी मानतात, मोठी होताना तो भास असल्याचं ओळखू लागतात. दोघं उलट दिशांना चालले तर चंद्र कुणाबरोबर जाईल, हा प्रश्न त्यासाठी फार कामाचा आहे.

मात्र चंद्र आकाशात अगदी स्थिर असतो, असंही मुलांना सांगू नका. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तो साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पश्चिमेकडे सरकतो. ते पाहायचं तर बसमधून नको. घराच्या अंगणात एका जागी उभं राहून चंद्र इमारतीच्या कडेशी जुळवा आणि दोन मिनिटं थांबा.