‘मेरे बहन’ की ‘मेरी बहन’?

भोपाळ किंवा प्रयागराजच्या माणसाशी आपण अस्खलित हिंदीत बोलत असतो. शब्द बरोबर, उच्चार बरे. मग बोलण्याच्या ओघात आपण म्हणतो, ‘मेरे बहन को बुखार है’, आणि समोरचा विचारतो, ‘आप महाराष्ट्र से हैं?’ आपल्याला पकडून दिलं ते ‘मेरे’मधल्या एका मात्रेनं. तिथे ‘मेरी’ हवं होतं.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. उलट ती मराठी व्याकरण चोख पाळल्यामुळे होते. ‘माझी बहीण’ला ‘ला’ लावायचा झाला की आपण ‘माझ्या बहिणीला’ म्हणतो. ‘माझी’चं ‘माझ्या’ झालं, म्हणून हिंदीतही ‘मेरी’चं काहीतरी व्हायला हवं असं मनाला वाटतं आणि जवळचा ‘मेरे’ तोंडात येतो. पण हिंदीत तिथे काहीच व्हायचं नसतं.

शाळेत शिकलेलं सामान्यरूप आठवा. प्रत्यय लागण्याआधी नामात जो बदल होतो, तो. घर-घरात, शाळा-शाळेत, बहीण-बहिणीला. हिंदीतही असाच प्रकार आहे. तिथे ने, को, से, में, पर, तक, का-के-की हे शब्द नामानंतर येतात. त्यांना परसर्ग म्हणतात. आपण प्रत्यय नामाला जोडून लिहितो, हिंदीत तो नामापासून सुटा लिहितात आणि सर्वनामाला मात्र जोडतात: ‘राम ने’, पण ‘उसने’. परसर्ग आला की नामाचं जे रूप होतं, ते हिंदीचं सामान्यरूप.

फरक असा की हिंदीत ते बऱ्याचदा दिसतच नाही. एकवचनात फक्त आकारान्त पुल्लिंगी नामं बदलतात: कमरा-कमरे में, लड़का-लड़के को. त्यातही राजा, पिता, चाचा तसेच राहतात. घर, बहन, लड़की, किताब यांच्यात काहीही बदल होत नाही: घर में, बहन को, किताब से. अनेकवचनात मात्र सगळ्यांना ‘ओं’ लागतो: घरों में, बहनों को, लड़कियों से.

खरी गंमत विशेषणांत आहे. मराठीत विशेषण सामान्यरूपात गेलं की आपलं लिंग विसरतं. मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर. पण मोठ्या वाड्यात, मोठ्या खोलीत, मोठ्या घरात. तिन्हींना एकच ‘या’. हिंदीत पुल्लिंगी विशेषण बदलतं आणि स्त्रीलिंगी जागचं हलत नाही. बड़ा घर-बड़े घर में. बड़ी गली-बड़ी गली में. अनेकवचनातही बड़े घरों में, बड़ी गलियों में. ‘ओं’ नामालाच लागतो, विशेषणाला नाही. ‘मेरा-मेरे-मेरी’ आणि ‘का-के-की’ यांनाही हाच नियम. थोडक्यात, ‘आ’चा ‘ए’ होतो, ‘ई’ची ‘ई’च राहते.

एक लांबलचक वाक्य घेऊन बघू. ‘माझ्या धाकट्या बहिणीच्या नव्या शाळेच्या जुन्या इमारतीत.’ मोजा: माझ्या, धाकट्या, च्या, नव्या, च्या, जुन्या. सहा वेळा ‘या’, आणि कोणाचं लिंग काय याचा या सहांपैकी एकावरूनही पत्ता लागत नाही. हिंदीत हेच होतं: ‘मेरी छोटी बहन के नए स्कूल की पुरानी इमारत में’.

हे शेवटाकडून उलगडावं. ‘में’च्या आधी इमारत आहे, स्त्रीलिंगी. म्हणून ‘पुरानी’ आणि तिच्यामागचं ‘की’ तसंच. त्या ‘की’च्या आधी स्कूल आहे, पुल्लिंगी. ‘की’ हाही परसर्गच, त्यामुळे स्कूल सामान्यरूपात गेलं. शब्द बदललेला दिसत नाही, पण ‘नया’चं ‘नए’ आणि ‘का’चं ‘के’ झालं ते त्यामुळेच. त्या ‘के’आधी बहन, पुन्हा स्त्रीलिंगी, म्हणून ‘मेरी छोटी’. प्रत्येक विशेषणानं पुढच्या नामाकडे बघायचं, एवढंच. शंका आली तर परसर्ग काढून नाम एकटं उभं करावं. ‘मेरी बहन’ म्हणतात ना? मग परसर्ग आला तरी ‘मेरी’च. ‘मेरा स्कूल’ म्हणतात? मग ‘मेरे स्कूल में’.

या कसोटीवर आपली आणखी एक सवय पकडली जाते. ‘त्याच्याकडे’चं हिंदी आपण ‘उसके तरफ’ असं करतो. पण ‘तरफ़’ हे हिंदीत स्त्रीलिंगी नाम आहे, म्हणून ‘उसकी तरफ़’. तसंच की तरह, की जगह, की मदद से. ‘पावसामुळे’ म्हणताना ‘बारिश के कारण’ आणि ‘बारिश की वजह से’ असे दोन पर्याय आहेत. अर्थ एकच, पण कारण पुल्लिंगी आणि वजह स्त्रीलिंगी, म्हणून एकदा ‘के’ आणि एकदा ‘की’.

अर्थात कसोटी लावायला नामाचं हिंदीतलं लिंग माहीत हवं, आणि तिथे मराठी दगा देते. आपलं नपुंसकलिंग हिंदीत नाही. तिथली नामं दोन घरांत वाटली गेली आहेत. पाणी, दूध, घर पुल्लिंगात गेले. नाक, दुकान, पुस्तक स्त्रीलिंगात. म्हणून ‘मेरी नाक में’, ‘उसकी दुकान से’. काही शब्दांनी तर पक्षच बदलला आहे. आपला चहा तिथे ‘चाय’ होऊन स्त्रीलिंगी झाला, आपला आवाज तिथे ‘आपकी आवाज़’ झाला. जय मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ‘शिवाजी महाराज की जय’ ही घोषणा आपण लहानपणापासून देतो आणि त्यातलं ‘की’ बिनचूक उच्चारतो, कारण ती आपण हिंदीतच देत असतो.

क्रियापदाच्या बाबतीत परसर्ग आणखी एक काम करतो: तो नाम आणि क्रियापद यांची जुळणी तोडतो. ‘सीता ने रोटी खाई’मध्ये खाई रोटीशी जुळतं, आपल्या ‘पोळी खाल्ली’सारखं. पण ‘राम ने लड़की को बुलाया’मध्ये लड़की ‘को’आड गेली आणि क्रियापद कोणाशीच जुळेना. मराठी अशा वेळी नपुंसकलिंगाचा आसरा घेते: मुलीला बोलावलं. हिंदीकडे तो नाही, म्हणून पुल्लिंगी एकवचन. ‘लड़कियों को’ म्हटलं तरी ‘बुलाया’च.

इथे ‘ने’कडे मात्र वेगळं लक्ष द्यावं लागतं. ‘त्याने पुस्तक आणलं’ याचं ‘उसने किताब लाई’ होत नाही. लाना ‘ने’ घेत नाही, म्हणून ‘वह किताब लाया’. क्रियापद पुस्तकाशी नव्हे, त्याच्याशी जुळलं. उलट ‘तो म्हणाला’मध्ये आपल्याकडे ‘ने’ नाही, पण हिंदीत ‘उसने कहा’ म्हणावं लागतं. अशी क्रियापदं मोजकी असल्यानं ती पाठच करावीत.

मुंबईच्या लोकलमध्ये ‘मेरे बहन को’ म्हटल्यावर कोणी वळूनही बघत नाही. तिथल्या बोलीत ते चालतं. पण अर्जात, मुलाखतीत किंवा भोपाळच्या व्याह्यांसमोर बोलताना बहिणीच्या आधीचा शब्द उच्चारण्यापूर्वी बहीण आठवावी. ‘मेरी’ आपोआप येईल.