पाणी उष्णता नेते, पण टाकते कुठे?

गेमिंगच्या संगणकात प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतात. पंप त्यातून पाणी फिरवतो. तापलेलं पाणी रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून जातं, पंखे त्यावर हवा मारतात आणि निवलेलं पाणी परत फिरतं.

समजा, प्रोसेसर २०० वॉट उष्णता सोडतो आणि मिनिटाला एक लिटर पाणी वाहतं. ठोकळ्यातून जाताना ते जेमतेम तीन अंशांनी तापतं. म्हणून पंप आणखी जोरात फिरवून फारसा फायदा होत नाही. खरी मर्यादा रेडिएटरची असते. खोलीत ३८ अंश असतील, तर पाणी त्याखाली कधीच उतरणार नाही.

बिघाड हातानेही ओळखता येतो. प्रोसेसर मिनिटाभरात नव्वदीपार गेला आणि रेडिएटर मात्र गारच राहिला, तर पाणी फिरत नाही: पंप बंद पडला आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. तापमान पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढलं आणि दोन्ही नळ्या सारख्याच गरम लागल्या, तर पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी आधी रेडिएटरमधली धूळ झाडा आणि पंखे फिरतात का ते पाहा.