तीस फुटांचा त्रिकोण आणि त्याची दोन क्षेत्रफळे

इसवी सन १००० च्या सुमारास अ‍ॅडेलबोल्ड नावाच्या एका धर्मगुरूला भूमितीतला एक प्रश्न पडला. पुढे तो युट्रेक्टचा बिशप झाला. त्याच्यासमोर एक समभुज त्रिकोण होता, प्रत्येक बाजू ३० फुटांची. एका रीतीने त्याचे क्षेत्रफळ ३९० चौरस फूट येत होते आणि दुसऱ्या रीतीने ४६५. त्रिकोण तोच, तर मग क्षेत्रफळे दोन कशी? त्याला उत्तर दिले ते त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या गणितज्ञाने, ओरियाकच्या गर्बर्टने. हाच गर्बर्ट ९९९ मध्ये सिल्व्हेस्टर दुसरा या नावाने पोप झाला. त्याचे ते पत्र आजही उपलब्ध आहे.

४६५ कुठून आले ते आधी पाहू. रीत सोपी होती: बाजूला बाजूने गुणा, त्यात बाजू मिळवा आणि निम्मे करा. ९०० अधिक ३० म्हणजे ९३०, त्याचे निम्मे ४६५. या रीतीला उंची लागतच नाही, आणि तिचे आकर्षण नेमके तेच होते. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे असते, हे माहीत असूनही माणूस अडतो, कारण बाजू दोरीने मोजता येते, पण उंची मोजायची तर आधी जमिनीवर काटकोनात रेघ आखावी लागते.

समभुज त्रिकोणात मात्र उंची मोजावीच लागत नाही. ती बाजूवरूनच काढता येते.

वरच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाका. त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण होतात. दोघांचा कर्ण ३० फुटांचा, कारण कर्ण म्हणजे मूळ त्रिकोणाच्याच बाजू. आणि मधला लंब दोघांना सामाईक. कर्ण समान, एक भुजा समान, म्हणजे हे दोन काटकोन त्रिकोण एकरूप. म्हणून त्यांची उरलेली भुजाही समान, म्हणजेच लंबाने पायाचे बरोबर दोन भाग केले: १५ आणि १५. हा टप्पा पुष्कळजण गृहीत धरून पुढे जातात, पण सगळी रीत उभी आहे ती याच्यावर. लंब मधोमध पडला नसता, तर पुढचे काहीच करता आले नसते.

आता यांतला एकच काटकोन त्रिकोण घ्या. कर्ण ३०, एक भुजा १५, दुसरी भुजा म्हणजे आपल्याला हवी असलेली उंची. पायथागोरसच्या प्रमेयानुसार कर्णाचा वर्ग म्हणजे दोन भुजांच्या वर्गांची बेरीज. म्हणून ९०० मधून २२५ वजा करायचे. उरले ६७५. त्याचे वर्गमूळ म्हणजे उंची. २६ चा वर्ग ६७६, म्हणजे फक्त एकाने जास्त, तेव्हा उंची २६ पेक्षा किंचित कमी, साधारण २५.९८ फूट. पत्रातल्या त्रिकोणाची उंची २६ फूट दिलेली आहे. अर्धा पाया १५, त्याला २६ ने गुणले की ३९०. अधिक बारकाईने केले तर ३८९.७ येते. एवढ्या मोठ्या त्रिकोणात चूक जेमतेम पाव चौरस फुटाच्या थोडी पुढे.

बाजू ३० नसून दुसरी कोणतीही असली तरी हेच घडते. बाजूच्या वर्गातून अर्ध्या बाजूचा वर्ग, म्हणजे त्याचाच चौथा भाग, वजा होतो आणि तीन चतुर्थांश उरतो. त्याचे वर्गमूळ घेतले की उंची म्हणजे बाजूच्या √३/२ पट, साधारण ०.८६६ पट. तिला अर्ध्या बाजूने गुणले की शाळेत पाठ केलेले सूत्र हाती येते:

क्षेत्रफळ = (√३ / ४) × बाजू²

विद्यार्थ्यांचे हात चुकतात ते ठरलेल्या जागी. कुणी अर्ध्या बाजूऐवजी पूर्ण बाजूचा वर्ग वजा करतो आणि शून्य हाती येते. कुणी ९०० आणि २२५ यांची वर्गमुळे आधी काढून ३० वजा १५ करतो. कुणी तिरकी बाजूच उंची समजतो आणि उत्तर ४५० येते. तिन्ही चुका पकडायला एकच गोष्ट पुरते: समभुज त्रिकोणाची उंची बाजूपेक्षा कमी, पण बाजूच्या पाऊणपटीहून जास्त असलीच पाहिजे.

आता ४६५ कडे परत. गर्बर्टने समजावण्यासाठी लहान त्रिकोण घेतला, बाजू ७ फुटांची. जुन्या रीतीने त्याचे क्षेत्रफळ २८. हा २८ म्हणजे १ पासून ७ पर्यंतच्या आकड्यांची बेरीज. सर्वांत खाली एकेक फुटाचे सात चौरस, त्यावर सहा, मग पाच, असे करत वर एक चौरस, अशी ती मोजणी आहे. पण त्रिकोणाच्या बाजू तिरक्या असतात आणि चौरसांच्या कडा पायऱ्यांसारख्या. प्रत्येक ओळीतले टोकाचे चौरस त्रिकोणाबाहेर डोकावतात, आणि ही रीत त्यांनाही पूर्ण धरते. भूमिती फक्त आतला भाग मोजते, असे गर्बर्टचे म्हणणे. त्याने उंची ६ फूट धरून क्षेत्रफळ २१ काढले. खरे उत्तर २१.२ च्या आसपास आहे.

त्यात आणखी एक दोष आहे, आणि माझ्या मते तो जास्त गंभीर आहे. एकेक फुटाचे सात थर रचले तर उंची सात फूट होते. त्रिकोण मात्र सहा फुटांहून जरासाच उंच आहे. जुनी रीत नकळत उंची बाजूइतकीच धरते. चौरस जितके बारीक करू, तितके बाहेर डोकावणारे तुकडे क्षुल्लक होत जातात, पण उंचीची चूक तशीच राहते आणि उत्तर कायम पंधरा टक्क्यांहून जास्त फुगलेलेच निघते.

ही रीत खोटी आहे हे खरे उत्तर ठाऊक नसतानाही ओळखता येते. तीच ३० फुटांची बाजू अर्ध्या फुटाच्या पट्टीने मोजा. बाजू झाली ६०. ६० चा वर्ग ३६००, अधिक ६०, त्याचे निम्मे १८३०. अर्ध्या फुटाचे चार चौरस मिळून एक चौरस फूट, म्हणून क्षेत्रफळ ४५७.५. फुटांनी मोजले तेव्हा ४६५ होते. पट्टी बदलली म्हणून जमीन कमी होत नाही. वर्गात लांबी मिळवली, तिथेच गोंधळ झाला. लंबाच्या रीतीत वर्गातून वर्गच वजा होतो, म्हणून कोणत्याही पट्टीने उत्तर तेच येते.

आश्चर्य याचे वाटते की चांगली रीत युरोपात आधीपासून होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोल्युमेला याने शेतीवरच्या ग्रंथात समभुज त्रिकोणी जमिनीसाठी सांगितले आहे की बाजूच्या वर्गाचा तिसरा आणि दहावा भाग घेऊन त्यांची बेरीज करा. त्याचे उदाहरण ३०० फुटांचे: वर्ग ९००००, तिसरा भाग ३००००, दहावा ९०००, एकूण ३९००० चौरस फूट. वर्गमूळ न काढता मिळालेले हे उत्तर खऱ्यापेक्षा सुमारे २९ चौरस फुटांनीच जास्त आहे. अ‍ॅडेलबोल्डच्या ३० फुटांना हाच नियम लावा: ३०० अधिक ९०, म्हणजे ३९०.

बाजू असमान असल्या की मात्र लंब मधोमध पडत नाही आणि अर्धी बाजू घेऊन चालत नाही. तिथे लंबाने पायाचे कोणते दोन तुकडे केले हे आधी शोधावे लागते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त या तुकड्यांना आबाधा म्हटले आहे आणि १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण सोडवला आहे. १४ च्या पायाचे तुकडे ५ आणि ९ होतात. मग १३ च्या वर्गातून ५ चा वर्ग वजा करा किंवा १५ च्या वर्गातून ९ चा, दोन्हीकडून १४४ च उरतात. लंब १२, क्षेत्रफळ ८४.