बॉडी लोशन, बॉडी बटर आणि तेल

बॉडी लोशन, बॉडी बटर आणि तेल ही कोरड्या हवेत त्वचेतील ओलावा टिकवण्यासाठी स्नानानंतर लावली जाणारी स्निग्ध द्रव्ये आहेत. मुंबईची हवा एरवी दमट असते. मात्र हिवाळ्यात जमिनीकडून कोरडे वारे वाहू लागले, की बोरीवलीसारख्या उपनगरांतही पिंडऱ्यांवर पांढुरके खवले दिसू लागतात.

घटकभेद

लोशनमध्ये पाण्याचे प्रमाण अधिक असते. ते लवकर मुरते, पण त्याचा थर पातळ राहतो. बॉडी बटरमध्ये घट्ट वनस्पतिज स्निग्धांश अधिक असतो. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढले जाणारे व टाचांच्या भेगांना लावले जाणारे भिरंडेल याच जातीचे आहे. तेलात पाणी नसते. त्यामुळे ते त्वचेला ओलावा देत नाही, तर असलेला ओलावा अडवून धरते.

लावण्याची पद्धत

दिवाळीच्या अभ्यंगात तेल स्नानापूर्वी लावतात व उटण्याने त्याचा बराचसा भाग निघून जातो. ओलावा टिकवण्यासाठी मात्र लेप स्नानानंतर हवा. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे, अंग न घासता पंचाने टिपावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच, सुमारे ३ मिनिटांत, लेप लावावा. हातांना व पाठीला लोशन पुरते. पिंडऱ्या, कोपरे व टाचांना बटर उपयुक्त ठरते. तेलाचे काही थेंब पुरेत. कपड्यांना डाग पडल्यास प्रमाण जास्त झाले असे समजावे. खाज, लाली किंवा रक्ताळलेल्या भेगा राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते.