सॅकवरचे आकडे नेमकं काय मोजतात?

‘३० लिटर, १५.६ इंची लॅपटॉप बसतो, ६००डी पॉलिएस्टर, वॉटर रेझिस्टंट, प्रीमियम झिपर.’ ऑनलाइन दुकानात हजार-बाराशेच्या कुठल्याही सॅकखाली साधारण एवढंच लिहिलेलं असतं. यातला सर्वांत फसवा आकडा म्हणजे इंचाचा.

१५.६ इंच हे माप स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं. लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी त्यावरून कळत नाही. ऑफिसच्या कामाचा १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटर रुंद असतो. तितक्याच इंचांचा गेमिंग लॅपटॉप मात्र रुंदीला २६-२७ सेंटिमीटरपर्यंत जातो, कारण पंख्यांसाठी त्याचा मागचा भाग बाहेर काढलेला असतो. शिवाय तो अडीच सेंटिमीटर जाडही असतो. गंमत अशी, की सोळा इंची मॅकबुक प्रो ३५.६ बाय २४.८ सेंटिमीटरचा आहे. म्हणजे ‘१५.६ इंच’ लिहिलेल्या कप्प्यात सोळा इंची यंत्र आरामात बसतं आणि पंधराचं गेमिंग यंत्र अडकतं.

सॅकमध्ये लॅपटॉप उभा ठेवतात. त्यामुळे कप्प्याची रुंदी लॅपटॉपच्या लहान बाजूशी ताडून पाहायची. पट्टी घेऊन आपल्या लॅपटॉपची लहान बाजू मोजा, त्यात दीडेक सेंटिमीटर मिळवा आणि कप्पा आतून तेवढा रुंद आहे का ते बघा. वर्णनात कप्प्याचं माप नसेल तर विक्रेत्याला सेंटिमीटरमध्येच विचारावं, ‘१५.६ बसेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. फोटोत आणखी एक गोष्ट शोधावी. कप्प्याचा तळ सॅकच्या तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर संपायला हवा. तो थेट खालपर्यंत शिवलेला असेल, तर लोकलमध्ये सॅक खाली टेकवताना पहिला दणका लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो, मग पाठीकडचा फोम कितीही जाड असो.

लिटरचा हिशोब सोपा आहे. एक लिटर म्हणजे हजार घन सेंटिमीटर. समजा, खाली मापं दिली आहेत ४६ बाय ३० बाय २२. गुणाकार ३०,३६० येतो, म्हणजे झाली ३० लिटर. पण हा हिशोब चौकोनी खोक्याचा झाला. सॅक वर निमुळती होते, कोपरे गोल असतात, फोमही जागा खातो, आणि मापं बहुधा बाहेरून घेतलेली असतात. ट्रेकिंगच्या सॅकचे चांगले उत्पादक छोटे प्लॅस्टिकचे गोळे कप्प्यांत भरून, ते मोजून आकडा काढतात. स्वस्त मालात गुणाकारावरच भागतं. अशा तीसमधून चार-पाच लिटर वजा धरावेत. लॅपटॉप स्वतः दोनेक लिटर घेतो. उरलेल्यात डबा, वह्या आणि एक जोडी कपडे बसतात, म्हणजे कॉलेजला किंवा एका मुक्कामाला पुरे. चार दिवसांच्या गावाला मात्र ती कमी पडेल.

कापडापुढचा ‘डी’ म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६००डी म्हणजे तेवढा धागा ६०० ग्रॅम भरतो. आकडा धाग्याचा जाडपणा सांगतो. वीण किती घट्ट आहे, हे त्यात येत नाही. त्यामुळे घट्ट विणलेलं ४२०डी नायलॉन सैल ६००डी पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकू शकतं. पाणी थोपवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप. तो दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो किंवा पापुद्रे धरून सुटतो. जुन्या सॅकमधून वह्यांवर पडणारा भुसा तोच. आणि लेप नवाकोरा असला, तरी शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी शिरतंच. जुलैत मुंबई किंवा कोकणात फिरणाऱ्याने ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दांपेक्षा सोबत रेनकव्हर आहे का ते पाहावं.

चेनबद्दल ‘प्रीमियम’ हा शब्द काहीच सांगत नाही. नंबर मात्र सांगतो: तो बंद दातांच्या पट्टीची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी असतो आणि अनेकदा रनरच्या मागे कोरलेला असतो. पुढच्या छोट्या कप्प्याला ५ नंबर चालतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावा. वायकेकेसारख्या नावाजलेल्या कंपनीची चेन असेल, तर विक्रेता ते आवर्जून लिहितो.

चेन बिघडते ती बहुधा रनरपासून. रनर पुढे जातो आणि मागे दात उघडेच राहतात, तेव्हा दात शाबूत असून रनर सैल पडलेला असतो. बॅग दुरुस्त करणारा तो पक्कडीने दाबून देतो किंवा थोड्या पैशांत बदलून देतो. दातच निखळले किंवा बाजूची पट्टी उसवली, तर पूर्ण चेन उसवून नवी शिवावी लागते. म्हणून सॅक घरी आली की टॅग काढण्याआधी ती कपड्यांनी गच्च भरून मुख्य चेन दहा-बारा वेळा उघडबंद करावी. वळणावर रनर अडला किंवा आतलं अस्तर त्यात सापडलं, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ती पाठवून द्यावी.